पहिला मॉक ५१५, पुढचा कधी देऊ?

*ताई, माझी एमबीएच्या प्रवेशासाठीची जीमॅट १४ आठवड्यांनी आहे. नोकरी सांभाळून रोज दोन-अडीच तास मिळतात, शनिवार-रविवार पाच-पाच. अगदी सुरुवातीला एक ऑफिशियल मॉक दिला, ५१५ आले, टार्गेट ६५५ आहे. त्यानंतर मॉक उघडायची हिंमतच झाली नाही, म्हटलं आधी सगळा सिलॅबस संपवू मग बघू. पण ज्या मित्राला चांगला स्कोअर आला तो म्हणतो शेवटचा महिना रोज एक मॉक दे, आणि क्लासवाले म्हणतात पहिल्या आठवड्यापासून दर रविवारी एक हवाच. मी नक्की कधी सुरू करू आणि किती देऊ? उशीर तर नाही ना झाला?*

उशीर अजिबात नाही झालेला, उलट तुझं एक काम आधीच होऊन गेलंय. सुरुवातीला दिलेला तो मॉक. त्यातून एवढंच कळायचं होतं की पेपर दिसतो कसा, आपण उभे कुठे आहोत आणि गणिताचा क्वांट, भाषेचा व्हर्बल आणि तक्ते-आलेखांचा डेटा इनसाइट्स या तीन सेक्शनपैकी कुठला जास्त मागे आहे. ते कळलं. आता ५१५ आणि ६५५ मधलं अंतर बघून घाबरायचं कारण नाही, कारण तो आकडा अभ्यास न करता आलेला आहे. पण तो मॉक परत उघड आणि तिन्ही सेक्शनचे स्कोअर वेगवेगळे लिहून ठेव, प्रत्येक सेक्शनला ६० ते ९० मधला स्कोअर मिळतो. पुढच्या सहा आठवड्यांत कशाला किती तास द्यायचे ते त्यावरून ठरणार आहे.

तुला तीन सल्ले मिळालेत, तुझा स्वतःचा, मित्राचा आणि क्लासचा. तिघांनीही एक गोष्ट धरून चाललीये की मॉक कधी द्यायचा हे कॅलेंडरवरून ठरतं. मला ते पटत नाही. मॉक द्यायचा तो काहीतरी विचारायला. माझा वेळ कुठे जातो, तिसऱ्या सेक्शनला डोकं चालतं का, गेल्या वेळची चूक गेली का राहिली, असं काहीतरी नेमकं विचारायचं असेल तर मॉक दे. आणि आधीच्या मॉकने जे दाखवलं त्याची दुरुस्ती अजून झालेली नसेल तर नवीन मॉक तेच उत्तर परत देणार, फक्त एक पेपर खर्च होणार.

आणि खर्च हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे ऑफिशियल मॉक एकूण सहाच आहेत, त्यातले दोन फुकट. एक तुझा झाला, म्हणजे राहिले पाच. तोच मॉक रिसेट करून परत देता येतो पण त्यात आधी पाहिलेले प्रश्न पुन्हा समोर येऊ शकतात, मग स्कोअर फुगतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. बाहेरचे मॉक भरपूर मिळतात, त्यांचा उपयोगही आहे, पण तो बसायची सवय आणि वेळेचं गणित जमवण्यापुरता. जीमॅट अ‍ॅडाप्टिव्ह आहे, म्हणजे तू जसं उत्तर देतेस तसा पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड येतो, त्यामुळे किती प्रश्न चुकले एवढ्यावरून स्कोअर काढता येत नाही. दोन मॉकमध्ये क्वांटचे सारखेच सात प्रश्न चुकले तरी स्कोअर वेगळा येऊ शकतो. ही स्कोअर काढायची पद्धत बाहेरच्यांना हुबेहूब जमेलच असं नाही, म्हणून बाहेरच्या मॉकचा आकडा मनाला लावून घेऊ नकोस, आणि खूप चांगला आला तर हुरळूनही जाऊ नकोस.

आता तुझ्या मित्राचा सल्ला. त्याला फायदा झाला असेल, मी नाकारत नाही, पण रोज एक मॉक देऊन काय होतं ते मी जवळून पाहिलंय म्हणून जरा सविस्तर सांगते.

गेल्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला, परीक्षा दोन आठवड्यांवर. त्याने त्याच्या आधीच्या नऊ दिवसांत सहाही ऑफिशियल मॉक देऊन टाकले होते. स्कोअर होते ५६५, ५८५, ५५५, ५७५, ५७५, ५६५. तो म्हणाला, मॅडम मी इतकी प्रॅक्टिस करतोय तरी हलतच नाहीये, बहुतेक माझी लिमिटच एवढी आहे. मी म्हटलं लिमिटचं नंतर बघू, आधी सहावा मॉक उघड आणि क्वांटमध्ये प्रत्येक प्रश्नाला किती वेळ गेला ते वाचून दाखव.

क्वांटमध्ये २१ प्रश्न आणि ४५ मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नामागे साधारण २ मिनिटं ८ सेकंद. त्याला पाचव्या प्रश्नाला ४ मिनिटं ५० सेकंद लागले होते, नवव्याला ५ मिनिटं २० सेकंद, बाराव्याला ४ मिनिटं. या तिघांनी मिळून १४ मिनिटं १० सेकंद खाल्ले. पहिल्या सोळा प्रश्नांतले बाकीचे तेरा त्याने सरासरी २ मिनिटं ६ सेकंदांत केले होते, म्हणजे अगदी योग्य वेगात! पण सतरावा प्रश्न उघडला तेव्हा घड्याळात साडेतीन मिनिटं उरली होती आणि प्रश्न पाच. त्यातले चार चुकले. ज्या तीन प्रश्नांवर एवढा वेळ घालवला त्यातलेही दोन चुकलेच. मग मी ते शेवटचे चुकलेले चार त्याला तिथेच, शांतपणे, उत्तर न दाखवता परत सोडवायला दिले. तीन बरोबर आले आणि प्रत्येकाला दोन मिनिटांच्या आतच.

आम्ही बाकीचे पाच मॉक उघडले, त्यातल्या चारांत हेच चित्र. प्रश्नांचे नंबर वेगळे, गोष्ट तीच. म्हणजे पहिल्या मॉकमध्येच सगळं लिहिलेलं होतं, पण तो वाचायला थांबलाच नाही, दुसऱ्या दिवशी पुढचा मॉक लावला. नऊ दिवस त्याने अडकलेल्या प्रश्नावर पाच मिनिटं घालवायचीच प्रॅक्टिस केली आणि ती सवय आणखी पक्की झाली.

पुढचे दोन आठवडे आम्ही एकही मॉक दिला नाही, रोज फक्त दहा प्रश्नांचा एक सेट, २१ मिनिटांचा टायमर लावून. नियम एकच होता, अडीच मिनिटं झाली आणि अजून रस्ता दिसत नसेल तर त्यातल्या त्यात बरा पर्याय निवडायचा, बुकमार्क करायचं आणि पुढे जायचं. जीमॅटमध्ये सेक्शनच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाऊन तीन उत्तरं बदलता येतात, त्यामुळे सोडून जाताना जीव तितका तुटत नाही. पहिले चार दिवस त्याला फार त्रास झाला, सोडवतच नव्हतं, मग हळूहळू हात सुटला. खऱ्या परीक्षेत ६१५ आले. पण मला आजही वाईट याचं वाटतं की सुधारणा झाली का नाही हे तपासायला त्याच्याकडे एकही कोरा मॉक शिल्लक नव्हता. तो डोळे झाकूनच परीक्षेला गेला. हातात दोन जरी असते तरी डेटा इनसाइट्समध्येही तोच घोळ आहे हे आधी कळलं असतं, ते खऱ्या पेपरात कळलं.

म्हणून रोज मॉकला माझं स्पष्ट नाही.

कोणी असंही सांगेल की परीक्षा देण्यानेच लक्षात राहतं, मग जितक्या जास्त तितकं चांगलं. यात तथ्य आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, त्यात विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी तेच परत वाचले आणि काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे निघाले. पण बघ, इथे फायदा झाला तो न बघता आठवायचे कष्ट घेण्याचा, आणि ते कष्ट दहा प्रश्नांच्या सेटमध्येही तितकेच पडतात. त्यासाठी सव्वादोन तासांचा अख्खा पेपर जाळायची गरज नाही. पूर्ण मॉकमधून जे मिळतं ते दुसऱ्या कशातून मिळत नाही अशा गोष्टी मोजक्याच, तिन्ही सेक्शन सलग दिल्यावरचा थकवा, कुठला सेक्शन आधी घ्यायचा ते, ब्रेक कधी घ्यायचा ते, आणि एकूण स्कोअरचा अंदाज.

क्लासच्या सल्ल्याचंही तसंच. पहिल्या आठवड्यापासून दर रविवारी मॉक दिलास तर पाचव्या आठवड्यापर्यंत पाचही ऑफिशियल संपतील आणि तोवर तुझा निम्मा क्वांटही झालेला नसेल. जे शिकलोच नाही ते चुकणार हे पेपर न देताही माहीत आहे. शिवाय तुझा सगळा रविवार त्यात जाणार, सकाळी पेपर आणि दुपारभर डोकं जड, आणि आठवड्यातला अभ्यासाचा सगळ्यात मोठा सलग तुकडा हातचा गेला.

आता तुझा स्वतःचा बेत, आधी सिलॅबस पूर्ण मग मॉक. ऐकायला शहाणपणाचा वाटतो पण मला काळजी याचीच जास्त वाटते. सिलॅबस कधीच संपत नाही गं, आणखी एक चॅप्टर, आणखी एकदा रिव्हिजन असं करत करत परीक्षा तीन आठवड्यांवर येते आणि मग तहान लागल्यावर विहीर खणायला घेतल्यासारखे मॉक सुरू होतात. आणि खरं सांग, सिलॅबस हे कारण आहे का तो ५१५ परत दिसायची भीती? भीती असेल तर ती चॅप्टर संपवून जाणार नाही, ती छोट्या छोट्या वेळ लावलेल्या सेट्सनी जाते.

तर मी तुझ्या जागी असते तर १४ आठवडे कसे वापरले असते ते सांगते.

पहिले दोन आठवडे मॉकचं नावही काढायचं नाही, टायमरही नाही, फक्त शिकणं आणि सोडवणं. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून तीनदा तो दहा प्रश्नांचा २१ मिनिटांचा सेट, जे शिकून झालंय त्याच भागावर. पाचव्या आठवड्यापासून त्यातल्या एका सेटच्या जागी एक पूर्ण सेक्शन, ४५ मिनिटं, सलग, फोन दुसऱ्या खोलीत. एका आठवड्यात क्वांट, पुढच्यात व्हर्बल, मग डेटा इनसाइट्स, असं फिरत. क्वांटला घड्याळ बघायची एक सोपी युक्ती आहे, सात प्रश्नांना बरोब्बर पंधरा मिनिटं येतात, त्यामुळे सात झाले की घड्याळात ३० उरलेली हवीत आणि चौदा झाले की १५. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघत बसलीस तर लक्ष जातं, या दोन ठिकाणी बघितलं की पुरे. व्हर्बलला २३ प्रश्न आहेत, म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटांना थोडं कमी, आणि डेटा इनसाइट्सला २० म्हणजे सव्वादोन मिनिटं, पण तिथे एकाच माहितीवर दोन-तीन प्रश्न लागून येतात तेव्हा पहिल्याला जास्त वेळ जाणार हे धरूनच चालायचं.

पूर्ण मॉक सुरू करायची वेळ आली हे कशावरून ओळखायचं? मी दोन गोष्टी बघते. एक म्हणजे मध्यम अवघड प्रश्न टायमर न लावता दिले तर दहातले आठ यायला लागलेत का. दुसरी म्हणजे लागोपाठ दोन सेक्शन टेस्टमध्ये शेवटचे प्रश्न अंदाजाने न मारता पूर्ण झालेत का. हे जमलं की सिलॅबसचा पाव हिस्सा राहिलेला असला तरी सुरू कर, तो राहिलेला भाग पुढे मॉकच्या मधल्या दिवसांत होतो. तुझे तास बघता हे सातव्या-आठव्या आठवड्यात यायला हवं. आणि आठवा आठवडा संपत आला तरी आलं नाही, तरीही पहिला मॉक देच, कारण त्यापुढे ढकललं तर मागच्या बाजूला गर्दी होते.

सातव्या आठवड्याच्या शेवटी एक बाहेरचा मॉक, निव्वळ रंगीत तालीम म्हणून, स्कोअर वहीत लिहायचा पण नाही. आठव्याच्या शेवटी दुसरा ऑफिशियल. नवव्या आठवड्यात एकही नाही, कारण तेव्हा दुरुस्त्यांची सगळ्यात मोठी यादी हातात असेल. दहाव्याच्या शेवटी तिसरा, अकराव्याच्या शेवटी चौथा, बाराव्याच्या शेवटी पाचवा आणि तेराव्याच्या शेवटी सहावा, म्हणजे परीक्षेच्या बरोबर सात दिवस आधी. त्यानंतर पूर्ण मॉक नाही म्हणजे नाही. परीक्षेच्या दोन-तीन दिवस आधी मॉक देऊन स्कोअर पडला तर दुरुस्त करायला वेळ नसतो आणि झोप मात्र जाते, आणि चांगला आला तरी हातात नवीन काही येत नाही.

सुरुवातीला दोन आठवड्यांचं अंतर आणि नंतर एकेक आठवड्याचं, ते का, तर सुरुवातीच्या चुका शिकण्याच्या असतात, एखादा टॉपिकच कच्चा, आणि त्याला आठ-दहा दिवस जातात. शेवटाकडे चुका वेळेच्या आणि वाचण्यातल्या असतात, त्या पाच-सहा दिवसांत हाताळता येतात. म्हणून एखाद्या मॉकनंतर दुरुस्ती आठवड्यात झाली नाही असं दिसलं तर पुढचा मॉक खुशाल चार दिवस पुढे ढकल. एक मॉक कमी झाला तरी चालेल, पाचाच्या जागी चार नीट तपासलेले केव्हाही बरे.

तपासणं म्हणजे काय हे नीट सांगते कारण बहुतेक जण इथेच गडबड करतात. पेपर संपला की स्कोअर बघायचा, चुकलेल्या प्रश्नांची उत्तरं वाचायची, अरे हो हे तर येत होतं म्हणायचं आणि बंद करायचं, याला तपासणं म्हणत नाहीत. तू असं कर. मॉक झाला त्या दिवशी फक्त पाच ओळी लिही, कुठे गडबडले, कुठे कंटाळा आला, ब्रेकनंतर कसं वाटलं, कारण हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. प्रश्न उघडू नकोस. दुसऱ्या दिवशी चुकलेले सगळे प्रश्न टायमर न लावता, उत्तर झाकून, परत सोडव. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

समज ६४ पैकी १९ चुकले. परत सोडवल्यावर ११ बरोबर आले आणि ८ परत चुकले. आता ते आठ म्हणजे खरंच न येणाऱ्या गोष्टी, पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्यांच्यावर, आणि बघशील तर ते आठही वेगवेगळे नसतात, दोन-तीन टॉपिकमध्येच गोळा झालेले असतात. बाकीचे अकरा तुला येतात, मग ते का चुकले? प्रत्येकासमोर त्याला लागलेला वेळ बघ. ४० सेकंदांत चुकला असेल तर घाईत मारलाय, मग मागे जाऊन बघ की तो वेळ आधी कुठल्या प्रश्नाने खाल्ला. दोन मिनिटं देऊनही चुकला असेल तर बहुतेक प्रश्न वाचण्यात चूक आहे, विचारलं एक आणि काढलं भलतंच. या अकरांसाठी नवीन चॅप्टर वाचून काहीच उपयोग नाही, त्यांना टायमर लावलेले सेट लागतात. मॉकनंतर सगळे परत थिअरीकडे पळतात ते म्हणूनच खटकतं मला. आणि हो, बरोबर आलेल्यांतही जे अंदाजाने आले त्यांच्यावर खूण कर, ते चुकलेल्यांतच धर. मॉक देताना रफ करायच्या जागी प्रश्न नंबरापुढे एक टिंब काढलंस की नंतर कळतं कुठे अंदाज मारला होता.

या सगळ्याला पाच-सहा तास लागतात, तीन दिवसांत विभागून. म्हणजे सव्वादोन तासांच्या पेपरमागे दुप्पटीहून जास्त. आता रोज मॉकचं गणित तूच मांड, रोज अडीच तास मिळतात त्यात पेपरच जेमतेम बसतो.

पूर्ण मॉकचा आणखी एक उपयोग करून घे, सेक्शनचा क्रम ठरवायला. जीमॅटमध्ये तीन सेक्शन हव्या त्या क्रमाने देता येतात आणि मध्ये दहा मिनिटांचा एकच ब्रेक, पहिल्यानंतर किंवा दुसऱ्यानंतर. सातव्या आठवड्याच्या तालमीत एक क्रम, आठव्याच्या मॉकमध्ये दुसरा, आणि मग ठरव. दहाव्या आठवड्यापासून क्रम बदलायचा नाही. मॉक खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच दे, परीक्षा सकाळी असेल तर सकाळीच, आणि ब्रेक दहा मिनिटांचाच घे, अर्ध्या तासाचा नाही. पॉज करून दिलेल्या मॉकचा स्कोअर धरूच नकोस. कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो हेही मॉकमध्ये काटेकोर पाळ, क्वांटला हाताशी फोन घेऊन बसायचं नाही.

आकड्यांबद्दल एक सांगते. एका मॉकपासून दुसऱ्यात ३०-४० मार्क वरखाली होणं हे मी कायम बघते, काही न बदलता. म्हणून ६०५ नंतर ५८५ आला तर तू खाली गेलीस असं नाही आणि ६२५ आला तर सुटलीस असंही नाही. लागोपाठच्या दोन मॉकची सरासरी बघ आणि ती पुढच्या दोनांशी ताड. सरासरी हलत नसेल तर स्कोअर बाजूला ठेव आणि चुकांच्या यादीकडे जा. तोच प्रकार तिसऱ्यांदा आलाय का? आला असेल तर मॉक जास्त होतायत आणि दुरुस्ती कमी, एक मॉक गाळ. उलट सुटा सेक्शन दिला की छान येतो आणि पूर्ण मॉकमध्ये मात्र तिसरा सेक्शन दरवेळी कोसळतो असं दिसलं तर दम कमी पडतोय, मग मधल्या आठवड्यात बाहेरचा एखादा मॉक घाल, फक्त बसायच्या सवयीसाठी, त्याचं खोलात तपासलं नाहीस तरी चालेल.

बाराव्या आठवड्याचा पाचवा मॉक झाला की एक निर्णय घ्यायचा आहे, तो आताच डायरीत टाकून ठेव. चौथ्या आणि पाचव्याची सरासरी ६१५ किंवा वर असेल तर तारीख तशीच ठेव, ६५५ आवाक्यात आहे. सरासरी ५७५-५८५ च्या आसपास अडकली असेल तर दोन आठवड्यांत सत्तर-ऐंशी मार्क वाढतील असं धरून बसू नकोस, तारीख पुढे नेता येते का बघ, किंवा हा पहिला प्रयत्न समजून दे आणि पुढच्याची तयारी ठेव, दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचं अंतर लागतं. हे बाराव्या आठवड्यात ठरवायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांपैकी ज्यांची परीक्षा अ‍ॅडाप्टिव्ह नाही, सगळ्यांना एकच पेपर आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापले जातात अशी आहे, त्यांनी ऑफिशियल मॉकच्या जागी मागच्या वर्षांचे खरे पेपर धरा. ते मोजकेच असतात आणि बरेच जण टॉपिकनुसार फोडून सुरुवातीलाच संपवतात. अलीकडचे तीन-चार पेपर हात न लावता बाजूला ठेवा, पूर्ण वेळ लावून द्यायला. तुमच्याकडे तपासताना आणखी एक रकाना लागेल, जे प्रश्न सोडले ते सोडायला हवे होते का, आणि अंदाजाने जे मारले त्यातून एकूण मार्क मिळाले का गेले. ज्यांचा पेपर लेखी आहे आणि तीन तास उत्तरं लिहायची असतात त्यांना तपासून देणारं माणूस लागतं, म्हणून त्यांचं अंतर तपासून परत यायला किती दिवस लागतात त्यावर ठरेल, तपासलेला पेपर हातात यायच्या आत पुढचा लिहायचा नाही. आणि ज्यांच्याकडे चारच आठवडे उरलेत त्यांनी पहिला मॉक याच आठवड्यात द्या, तयारी असो नसो, मग एकेक आठवड्याने आणखी दोन, आणि शेवटचे सात दिवस मोकळे ठेवा.

तू मात्र आज एवढंच कर, तो ५१५ चा मॉक उघड, फक्त क्वांटचे २१ प्रश्न काढ आणि कागदावर प्रत्येकासमोर त्याचा वेळ लिही. साडेतीन मिनिटांच्या वर गेलेले प्रश्न किती आणि शेवटच्या पाचांना किती वेळ मिळाला ते बघ. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. मग मला कळव काय निघालं ते, त्यावरून तिसऱ्या आठवड्याचे सेट कशाचे लावायचे ते बोलू.